सोलर आर्क: सगळे ग्रह एकाच चालीने सरकवून घटनेचा काळ कसा काढायचा

माझ्या पत्रिकेवर जन्मवेळ 'सकाळी १०.००' अशी लिहिलेली होती. ती घेऊन मी पहिल्यांदा सोलर आर्कचं गणित केलं तेव्हा स्वतःचा धंदा सुरू होण्याचं वर्ष २०१९ आलं. प्रत्यक्षात बेळगावच्या उद्यमबागेतलं माझं पॅटर्नचं वर्कशॉप ऑगस्ट २०१४ मध्येच सुरू झालं होतं. पाच वर्षांचा फरक बघून वही मिटली आणि पद्धत खोटी असं ठरवून मोकळा झालो. दोन वर्षांनी कळलं की पद्धतीकडे वळण्याआधी माझ्याच तीन चुका निस्तरायच्या होत्या. त्या कशा सापडल्या आणि त्या निस्तरल्यावर काय उरलं, ते इथे टप्प्याटप्प्याने लिहितो. आपल्याकडे ज्योतिष म्हणजे विंशोत्तरी दशा आणि गोचर. हे तिसरं गणित शिकवणारं बेळगावात मला तरी कोणी भेटलं नाही.

लागणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत:

- जन्मवेळ लिहिलेला मूळ कागद (पत्रिका नव्हे, शक्यतो प्रसूतीच्या वेळचं कार्ड)
- जन्मगावाचे रेखांश
- जन्माच्या वर्षाचं आणि त्याच्या पुढच्या वर्षाचं पंचांग, किंवा रोजच्या रवीचे अंश-कला देणारी एफेमेरिस
- लग्न आणि दशमबिंदू अंश-कलांसकट दाखवणारं कुठलंही सॉफ्टवेअर
- वही, पेन, आणि घरातल्या घटनांच्या खऱ्या तारखा

१. आधी कल्पना बसवून घ्या

जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे आयुष्यातलं एक वर्ष, असं धरायचं. तिसाव्या वर्षाचं बघायचं असेल तर जन्मानंतर तिसाव्या दिवशी रवी कुठे होता ते बघायचं. जन्माच्या रवीपासून तो जितका पुढे गेला असेल तितकं अंतर म्हणजे तुमचा त्या वयाचा सोलर आर्क. सोयीसाठी त्याला मी पुढे 'चाप' म्हणेन.

आता हा चाप फक्त रवीला लावायचा नाही. चंद्र, मंगळ, गुरू, शनी, लग्न, दशमबिंदू, सगळ्यांना तोच चाप मिळवायचा. चंद्र आकाशात दिवसाला तेरा अंश धावतो आणि शनी दोन-चार कला रांगतो, पण इथे दोघेही रवीच्या चालीने चालतात. जन्मतः वक्री असलेला ग्रहसुद्धा पुढेच सरकवायचा. अख्खी कुंडली एका ताटात मांडून ते ताट फिरवल्यासारखं होतं: ग्रहांची आपापसांतली अंतरं जशीच्या तशी राहतात. म्हणून सरकवलेल्या ग्रहांची एकमेकांशी तुलना करण्यात काही अर्थ नाही, त्यात नवीन काही दिसणारच नाही. तुलना करायची ती सरकवलेल्या कुंडलीची मूळ जन्मकुंडलीशी.

हे एकदा डोक्यात बसलं की आणखी एक गोष्ट आपोआप कळते. आकाशात असं काही घडत नाही. तुमच्या तिसाव्या वर्षी शनी खरोखर कुठे आहे याचा इथे संबंध नाही, तो गोचराचा विषय. ही एक मानलेली मोजपट्टी आहे आणि तिच्याकडे तसंच बघावं.

२. जन्मवेळेचा कागद शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरा घेते, त्यामुळे दशमबिंदू चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो. आणि या पद्धतीत एक अंश म्हणजे एक वर्ष. वेळेत चार मिनिटांची चूक झाली की दशमबिंदूवरून काढलेल्या घटनेत वर्षभराची चूक आलीच. रवी-शनीसारख्या ग्रहांना चार मिनिटांनी काही फरक पडत नाही. चंद्र तासाला अर्धा अंश चालतो, म्हणजे वेळ तासाभराने चुकली तर चंद्राच्या गणितात सहा महिने चुकतात. म्हणून वेळ अंदाजाची असेल तर लग्न आणि दशमबिंदू सरळ बाजूला ठेवा आणि फक्त ग्रहांवर काम करा.

माझ्या पत्रिकेतले 'दहा' कुठून आले ते आईला विचारलं. ती म्हणाली, "दहाला की रे, शेजारच्या शाळेची घंटा ऐकलेली मी." म्हणजे वेळ घंटेवरून आलेली! नंतर माळ्यावरच्या ट्रंकेत प्रसूतिगृहाचं पिवळं पडलेलं कार्ड मिळालं. कन्नडमध्ये, निळ्या शाईत, १०-२०. घंटा नेमकी कसली होती कोण जाणे, पण वीस मिनिटांचा फरक म्हणजे पाच वर्षं. माझी पहिली चूक ही.

कागद शोधताना आपल्या भागातल्या माणसाने लक्षात ठेवायच्या काही गोष्टी आहेत. जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ बहुधा नसते, त्यामुळे दाखल्यासाठी खेटे घालून या कामाला उपयोग नाही. कार्डावर कन्नड आकडे असतील तर सहा आणि नऊ कन्नड येणाऱ्याकडून वाचून घ्या. हाताने घाईत लिहिलेले हे दोन आकडे फार सारखे दिसतात. आणि मध्यरात्रीनंतरचा जन्म असेल तर वार तपासाच. आपल्याकडे सूर्योदयापर्यंत आधीचाच वार धरतात, त्यामुळे मंगळवारी पहाटे तीनला जन्मलेलं मूल पत्रिकेत सोमवारचं असतं आणि कुणीतरी पुढे तारीखही सोमवारची लिहून टाकतो.

जुन्या पत्रिकेत वेळ तासांत नसून घटी-पळांत असते. एक घटी चोवीस मिनिटांची, एक पळ चोवीस सेकंदांचं, आणि मोजणी सूर्योदयापासून. माझ्याच जन्माचं बघा: १८ डिसेंबरला बेळगावात सूर्योदय ६.५५ धरला तर १०.२० म्हणजे ३ तास २५ मिनिटं, म्हणजे सुमारे ८ घटी ३२ पळं. उलटं गणित करताना पत्रिका करणाऱ्याने कुठल्या गावाचा सूर्योदय घेतला होता हे कळायला हवं. दुसऱ्या गावाचा घेतला असेल तर तिथेच चार-पाच मिनिटं, म्हणजे एक वर्ष गेलं.

आजी-आजोबांच्या पत्रिका करणार असाल तर आणखी एक. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळे घड्याळं एक तास पुढे होती. त्या काळातल्या घड्याळी वेळेतून तास वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. गाव आणि अयनांश, दोन्ही एकच ठेवा

दशमबिंदूला अक्षांशाशी देणंघेणं नाही, रेखांशाशी आहे. बेळगाव ७४ अंश ३० कला पूर्वेला आहे आणि आपली घड्याळं ८२ अंश ३० कलांवर चालतात. म्हणजे बेळगावची स्थानिक वेळ घड्याळाच्या बत्तीस मिनिटं मागे. सॉफ्टवेअर हे स्वतः करतं, पण गाव बरोबर दिलं तर. यादीत 'बेळगावी' सापडलं नाही तर जुन्या 'बेळगाव' या स्पेलिंगने शोधा. नाव बदललं २०१४ च्या नोव्हेंबरात, आणि बऱ्याच याद्या त्याआधीच्या आहेत. तेही नाही मिळालं तर रेखांश हाताने भरा. 'जवळचं मोठं शहर' म्हणून पुणे निवडू नका. पुणे आपल्यापेक्षा ३९ कला पश्चिमेला आहे आणि तेवढ्याने घटना सात-आठ महिन्यांनी सरकते. जिल्हा तरी केवढा मोठा! अथणी बेळगाव शहराच्या अर्ध्या अंशाहून जास्त पूर्वेला आहे. अथणीत जन्मलेल्याची कुंडली बेळगावची मांडली की सहा महिन्यांची चूक घरातूनच झाली. निपाणी-खानापूरला तितकी काळजी नाही, पण बरोबर गाव भरायला काही जास्त लागत नाही.

अयनांशाबद्दल, म्हणजे सायन आणि निरयन मोजणीतल्या अंतराबद्दल, नवशिक्यांना उगाच भीती असते. ही पद्धत पाश्चात्त्य, ते सायन कुंडली वापरतात, मग आपली निरयन चालेल का? चालते. चाप म्हणजे दोन स्थितींतला फरक, आणि अयनांश दोन्हींतून सारखाच वजा होतो. तीस दिवसांत अयनांश स्वतः चार विकलांनी वाढतो, तो सोडून द्या.

गोंधळ होतो तो मिसळ केल्यावर. जन्माचा रवी निरयन पत्रिकेतून आणि तिसाव्या दिवसाचा रवी सायन एफेमेरिसमधून घेतला तर २३-२४ अंशांची चूक होते. ती निदान लगेच दिसते, कारण उत्तर हास्यास्पद येतं. वाईट चूक ती जी दिसत नाही. टिळक पंचांगाचा अयनांश चित्रापक्षी पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी कमी आहे. एक आकडा याच्यातला आणि एक त्याच्यातला घेतला की उत्तर चार वर्षांनी चुकतं, आणि चार वर्षांची चूक दिसायला अगदी सभ्य दिसते.

४. तुमचा स्वतःचा चाप काढा

बहुतेक लोक इथे 'एक वर्ष म्हणजे एक अंश' धरून मोकळे होतात. मीही झालो होतो, ती दुसरी चूक. खरं तर रवीची चाल वर्षभर सारखी नसते. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते तेव्हा रवी दिवसाला ६१ कला चालतो. जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब असते तेव्हा ५७. सरासरी निघते ५९ कला ८ विकला. सोळाव्या शतकातल्या व्हॅलेंटाइन नायबोड या जर्मन गणितीच्या नावाने हा सरासरी दर ओळखला जातो आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तोच आधीपासून निवडलेला असतो.

'सगळे ग्रह एकाच चालीने' याचा अर्थ म्हणूनच नीट घ्या. एका कुंडलीतल्या सगळ्या ग्रहांची चाल एक, पण ती चाल माणसागणिक वेगळी, जन्माच्या महिन्यावर ठरणारी. माझा जन्म डिसेंबरचा, बायकोचा २५ जूनचा. तिसाव्या वाढदिवशी माझा चाप ३० अंश ३४ कला होता, तिचा २८ अंश ३७ कला. दोघांची वयं सारखी, आणि चापात दोन वर्षांचा फरक.

काढायचं असं. माझी जन्मतारीख १८ डिसेंबर १९८४. त्या तारखेपासूनचा रवी चित्रापक्ष निरयनात, पहाटे साडेपाचचा:

- १८ डिसेंबर १९८४: धनू २ अंश ३७ कला
- १६ जानेवारी १९८५ (२९ वा दिवस): मकर २ अंश १० कला
- १७ जानेवारी १९८५ (३० वा दिवस): मकर ३ अंश ११ कला

एका राशीचे तीस अंश मिळवून वजाबाकी केली की २९ व्या वर्षाचा चाप २९ अंश ३३ कला आणि ३० व्या वर्षाचा ३० अंश ३४ कला.

दिवस मोजताना जन्मदिवस शून्य धरायचा. १८ डिसेंबरलाच 'एक' म्हटलं की चाप एका वर्षाने मागे पडतो आणि घटना वर्षभर पुढे जाते, आणि ही चूक बोटांवर मोजणारे सगळे करतात. दुसरी सोय अशी की माझा जन्म १०.२० चा असूनही मी दोन्ही आकडे साडेपाचचेच घेतले. दोन्ही एकाच घड्याळी वेळेचे असले की फरक तोच येतो, म्हणून चाप काढताना मधल्या तासांचा हिशेब करत बसू नका. जन्माचा रवी मात्र पुढच्या पायरीसाठी १०.२० चाच हवा. साडेपाचपासूनच्या चार तास पन्नास मिनिटांत तो १२ कला पुढे गेला, म्हणजे धनू २ अंश ४९ कला.

५. गाठ कुठे पडते ते शोधा

माझ्या धंद्याच्या प्रश्नाला मी दोनच बिंदू निवडले: दशमबिंदू, कारण तो कर्माचा, आणि रवी, कारण तो अधिकाराचा. सॉफ्टवेअरने १०.२० च्या वेळेला दशमबिंदू दिला वृश्चिक २ अंश ४० कला.

इथे माझी तिसरी चूक. माझं लग्न मकर, त्याच्यापासून दहावी रास तूळ, म्हणून मी दशम स्थान तुळेत धरून बसलो होतो. पण दशमबिंदू म्हणजे रास कुंडलीतलं दहावं घर नव्हे. क्रांतिवृत्त जिथे मध्यान्हवृत्ताला छेदतं तो बिंदू तो, आणि माझ्याकडे तो अकराव्या राशीत पडला आहे. साध्या पत्रिकेत हा बिंदू बरेचदा छापलेलाच नसतो. भावचलित कुंडलीत दशमभावाचा मध्य अंश-कलांसकट दिलेला असतो, तो घ्या.

आता साधी वजाबाकी. दशमबिंदू वृश्चिक २.४० वर, रवी धनू २.४९ वर, मधलं अंतर ३० अंश ९ कला. चाप जेव्हा बरोबर ३० अंश ९ कला होईल तेव्हा सरकवलेला दशमबिंदू जन्माच्या रवीवर येऊन बसेल.

युतीशिवाय केंद्रयोग (९० अंश) आणि प्रतियोग (१८० अंश) बघतात. काही जण ४५ आणि १३५ अंशही धरतात. सुरुवातीला पहिले तीनच पुरेत, का ते सातव्या पायरीत येईल. दृष्टीची दीप्तांशं इथे गोचरासारखी पाच-सात अंशांची धरू नका. एक अंश म्हणजे वर्ष, तेव्हा पाच अंशांची सूट देणं म्हणजे 'दहा वर्षांत कधीतरी' असं सांगणं. अर्धा अंश अलीकडे आणि अर्धा पलीकडे, बस्स.

सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग तपासा. काही प्रोग्राम लग्नालाही सरळ चाप मिळवतात, काही सरकवलेल्या दशमबिंदूवरून लग्न नव्याने काढतात, आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. मी सरळ मिळवतो, कारण 'सगळं एका चालीने' हा या पद्धतीचा मूळ करार आहे. तुम्ही काहीही निवडा, पण निकाल पाहून मग निवडू नका.

६. चापावरून महिना काढा

मला हवा होता ३० अंश ९ कला. २९ पूर्ण झाल्यावर चाप २९.३३ होता, म्हणजे अजून ३६ कला हव्यात. त्या वर्षात रवी एकूण ६१ कला चालणार. ३६ भागिले ६१ गुणिले १२ म्हणजे जवळजवळ सात महिने. २९ वा वाढदिवस १८ डिसेंबर २०१३ चा, त्यात सात महिने मिळवले की जुलै २०१४ चा तिसरा-चौथा आठवडा. वर्कशॉपचं शटर उघडलं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तोंडी गणितासाठी पाच कला म्हणजे एक महिना, एक कला म्हणजे सहा दिवस, हे लक्षात ठेवा.

याच कुंडलीवर तीन वेगवेगळे दर लावून पाहिले. 'वर्षाला एक अंश' धरलं तर तीच गाठ फेब्रुवारी २०१५ मध्ये पडते. नायबोडच्या सरासरीने जुलै २०१५ मध्ये. माझ्या खऱ्या चापाने जुलै २०१४ मध्ये. माणूस एकच, गाठ एकच, आणि दर बदलल्याने पूर्ण वर्षाचा फरक. म्हणून कुणी तुम्हाला काढलेला काळ सांगितला तर आधी विचारा, दर कुठला लावलात?

आणि दर बरोबर ठेवून फक्त वेळ बदलली तर? १०.०० ला मे २०१९, १०.१६ ला जुलै २०१५, १०.३० ला मार्च २०१२. ही ओळ मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. कार्डावरचे १०-२० सुद्धा नर्सने हात मोकळे झाल्यावर घड्याळाकडे बघून लिहिले असणार, ते १०.१८ नव्हते कशावरून? तेवढ्यानेच उत्तर सहा महिन्यांनी हलतं. म्हणून दशमबिंदूवरून काढलेल्या तारखेला महिना सांगितला तरी मनात 'अलीकडे-पलीकडे वर्षभर' असंच धरा. दिवस सांगणाऱ्याकडून चहा प्या आणि घरी या.

यावरून एक उलटा उद्योग निघतो: घटना माहीत आहे, तर त्यावरून जन्मवेळ दुरुस्त करायची. बरेच जण करतात. पण एका घटनेवरून वेळ हलवली आणि मग त्याच घटनेने पद्धत सिद्ध झाली असं म्हटलं, तर तो स्वतःच लिहून स्वतःच तपासलेला पेपर झाला. वेळ हलवायचीच असेल तर दोन-तीन घटनांवरून हलवा आणि तपासायला वेगळ्या घटना राखून ठेवा.

७. आधी लिहा, मग बघा

ऑगस्ट २०१४ जुळल्यावर मी महिनाभर हवेत होतो. आमच्या तात्यांनी खाली आणलं. तात्या माझे चुलते, आयुष्य हिशेबनीस म्हणून गेलेलं. शहापूरच्या घरी अंगणात बसून त्यांनी विचारलं, "एका वर्षात अशा गाठी किती पडतात, मोजलास काय?"

मोजल्या. युरेनस, नेपच्यून, प्लूटो धरून दहा ग्रह, शिवाय लग्न आणि दशमबिंदू, असे बारा बिंदू. प्रत्येक सरकवलेला बिंदू बाकीच्या अकरा मूळ बिंदूंशी जुळू शकतो, म्हणजे १३२ जोड्या. युती, केंद्र आणि प्रतियोग एवढंच धरलं तर प्रत्येक जोडीची गाठ नव्वद अंशांत एकदा पडते. १३२ भागिले ९० म्हणजे वर्षाला साधारण दीड गाठ. कुठलंही वर्ष डोळे मिटून निवडलं तरी त्यात एखादी गाठ सापडण्याची शक्यता पाचात जवळजवळ चार. ४५ आणि १३५ अंशही घेतले की वर्षाला तीन गाठी, आणि अर्ध्याऐवजी एक अंशाची सूट घेतली की त्याही दुप्पट. मग घटना काहीही असो, तिच्या शेजारी एखादा ग्रह उभा असतोच. नुसतं 'जुळलं' याची किंमत तात्यांच्या भाषेत शून्य.

म्हणून मी आता असं करतो, आणि तुम्हीही तसंच करा. आधी प्रश्न लिहायचा. मग त्या प्रश्नासाठी कुठले दोन बिंदू बघणार ते लिहायचं, कुंडली उघडण्याच्या आधी. नोकरी-धंद्याला दशमबिंदू आणि रवी ठरवले असतील तर नंतर शनी चांगला जुळतोय म्हणून तो आत घ्यायचा नाही. घटनांची यादीही आधी करायची, तारखांसकट, आणि तारखा आठवणीतून नव्हे तर कागदावरून घ्यायच्या: भाडेकरार, बँकेचं पासबुक, लग्नपत्रिका. आठवण गाठीकडे सरकते, मी स्वतः सरकवली आहे. वर्कशॉपची तारीख मी आधी 'जुलै' सांगत होतो. वीज कनेक्शनच्या पावतीने ऑगस्ट दाखवला.

न जुळलेलंही त्याच वहीत लिहायचं. माझं लग्न मकर २३ अंश १८ कलांवर आहे, रवीपासून ५० अंश २९ कला पुढे. लग्नाला ३९ अंश ३१ कलांचा चाप मिळाला की ते मीन २.४९ वर येतं, जन्माच्या धनू २.४९ च्या रवीशी कलाभरही न चुकता केंद्रयोगात. ही गाठ ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात पडली. पुस्तकी अर्थ: प्रकृती, अधिकाराशी संघर्ष, सरकारी अडचण. मी सहा महिने आधीपासून तयारीत होतो, जीएसटीचे कागद दोनदा तपासले, रक्त तपासून घेतलं. काहीही झालं नाही. त्या महिन्यात साधी सर्दीही झाली नाही. एक जुना ग्राहक परत आला, त्याने दोन पॅटर्नची ऑर्डर दिली आणि पैसे वेळेवर दिले. तेही आता 'अधिकाराचा सकारात्मक अनुभव' म्हणून बसवता येईल. तेच करायचं नाही. वहीत त्या ओळीपुढे मी फुली मारली आहे.

पुढची मोठी गाठ सरकवलेला रवी जन्मलग्नावर येण्याची. त्यासाठी ५० अंश २९ कलांचा चाप लागतो. ४९ व्या वर्षाचा चाप ४९ अंश ५२ कला, पुढच्या वर्षात ६१ कला. उरलेल्या ३७ कलांना सव्वासात महिने, म्हणजे जुलै २०३४. त्याच्यापुढे काय अपेक्षित आहे ते एका ओळीत लिहून, खाली आजची तारीख टाकून, ते पान मी फाडून तात्यांच्या हिशेबाच्या फाइलमध्ये लावून ठेवलं आहे. त्यांनी त्याच्यावर लाल पेनने 'येणे बाकी' असं लिहिलं.